कुकरची तिसरी शिट्टी

“आम्ही दोघंही नोकरी करतो. मी गोकुळ शिरगावला एमआयडीसीत, हे शाहूपुरीत बँकेत. थोरला तिसरीत, धाकटी पहिलीत. शाळा सकाळची, त्यामुळं दुपारपासून दोघं सासूबाईंजवळ असतात. थोरला माझ्या जुन्या मोबाइलवर गेम खेळतो, धाकटी सासूबाईंच्या मोबाइलवर व्हिडिओ बघते. सातला मी घरी आले की मोबाइल काढून घेण्यावरनं रोज रडारड आणि आदळआपट. ओरडून झालं, लपवून झालं, पासवर्ड बदलून झाला. यावर एखादं चांगलं पुस्तक असेल तर सांगा. इंग्रजी चालेल, पण रात्री दहानंतर डोळे मिटत असताना वाचावं लागणार, हे धरून सांगा.”
— एक आई, शिवाजी पेठ, कोल्हापूर

ताई, तुम्हाला आम्ही पहिलं जे पुस्तक सांगणार आहोत, त्याच्या नावात ना मोबाइल आहे ना स्क्रीन. रॉस ग्रीन हे अमेरिकेतले बालमानसशास्त्रज्ञ. त्यांचं ‘रेझिंग ह्यूमन बीइंग्ज’ हे 2016 सालचं पुस्तक आधी घ्या. त्यांचं जास्त गाजलेलं पुस्तक म्हणजे 1998 सालचं ‘द एक्स्प्लोझिव्ह चाइल्ड’. ते अगदी टोकाला जाणाऱ्या मुलांसाठी लिहिलेलं आहे. तुमच्या घरचं प्रकरण रोजचं आहे, टोकाचं नाही, म्हणून पहिलंच पुरे.

मोबाइलचं सोडून हे का, तर तुमच्या पत्रात तास-मिनिटांची तक्रार कुठंच नाही. मुलं दीड तास बघतात की तीन तास, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. भांडण आहे ते बंद करण्याच्या त्या पाच मिनिटांचं. स्क्रीनवरची बहुतेक पुस्तकं किती बघावं आणि काय बघावं, यावर भरपूर बोलतात. रडणाऱ्या पोराच्या हातातनं मोबाइल सोडवायचा कसा, तिथं मात्र एखाद्या पानात आटोपतात.

ग्रीन यांची मांडणी थोडक्यात सांगायची तर मूल आणि मोठी माणसं एखाद्या गोष्टीवर अडली की तीन वाटा असतात. मोठ्यांनी ठरवून लादायचं, याला ते ‘प्लॅन ए’ म्हणतात. दोघांनी मिळून तोडगा काढायचा, तो ‘प्लॅन बी’. आणि तूर्त तो विषय सोडून द्यायचा, तो ‘प्लॅन सी’. लादणं चूकच असतं असं त्यांचं म्हणणं नाही. पोरगं रस्त्यावर धावलं तर बखोट धरून ओढायचंच. पण रोज त्याच वेळेला, त्याच जागी होणाऱ्या भांडणाला ‘ए’ लागू पडत नाही. तसं असतं तर पासवर्ड बदलला त्या दिवशीच विषय संपला असता.

त्यांचा दुसरा मुद्दा अधिक कामाचा आहे. भांडण पेटलेलं असताना बोलू नका. रोज होणारी गोष्ट आधीच माहीत असते, म्हणून तिच्यावरचं बोलणं भांडणाच्या वेळेपासून लांब न्यायचं. सातला तुम्ही दमून आलेल्या असता, पोरगं खेळात बुडालेलं असतं, भूक दोघांनाही लागलेली असते. त्या घटकेला जगातलं कुठलंही पुस्तक चालणार नाही. रविवारी सकाळी अंघोळ-नाश्ता झाल्यावर वीस मिनिटं काढा, त्या वेळी मोबाइल कुणाच्याच हातात नको, तुमच्याही नको.

बोलण्याआधी कागदावर अडचण एका वाक्यात लिहा. हे वाक्य नीट जमलं की निम्मं काम झालं, आणि चुकायचं तेही इथंच चुकतं. “तू मोबाइलचा नाद सोडत नाहीस” हे वाक्य चालणार नाही, कारण त्यात आरोप आहे. “तुला गेमचं व्यसन लागलंय” हेही नको, कारण ते तुमचं निदान आहे. “किती आरडाओरडा करतोस” म्हणालात की बोलणं आरडाओरड्यावर जातं आणि तो मुळात कशापायी होतो ते राहून जातं. चालेल असं वाक्य: “जेवायला हाक मारल्यावर जुन्या मोबाइलवरची गेम बंद करणं जड जातं.” कुठली वेळ, कुठलं उपकरण, कुठलं काम, एवढंच त्यात आहे. धाकटीच्या व्हिडिओंचं वाक्य वेगळं लिहा. दोन्ही एकत्र केलीत तर गोंधळ होईल, कारण गेम आणि व्हिडिओ बंद न होण्याची कारणं निराळी आहेत. ते पुढं येईल.

आता तीन पायऱ्या. पहिलीत फक्त ऐकायचं, दुसरीत आपली काळजी सांगायची, तिसरीत दोघांना जमेल असा तोडगा शोधायचा. तुमच्या घरात हे कसं घडेल ते पाहू.

तुम्ही म्हणाल, “जेवायला हाक मारली की गेम बंद करणं तुला जड जातं असं दिसतंय. काय होतं रे नेमकं?” तो म्हणेल, “काय नाही.” किंवा, “म्हायती नाही.” इथं बहुतेक आई-बाप हरतात. एक तर लगेच उत्तर पुरवतात, नाहीतर “मग रोज तमाशा कशाला करतोस?” असं म्हणून पहिली पायरीच मोडतात. ग्रीन सांगतात, थांबा. मूल खरंच विचार करत असतं, कारण हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारलेलाच नसतो. मनात वीस आकडे मोजा. तरीही गप्पच राहिला तर अंदाज करा, पण प्रश्नाच्या सुरात: “मध्येच सोडावं लागतं म्हणून का?”

मग निघेल: “मॅच संपलेली नसते. मध्येच गेलो की हरल्यात धरतात.”

लगेच तोडग्यावर उडी मारू नका. अजून खणा. एक मॅच किती वेळाची? मध्ये थांबवता येते का? रोज असं होतं की कधी कधी? हाक कितव्यांदा ऐकू येते? कळेल की मॅच दहा-बारा मिनिटांची आहे, थांबवता येत नाही, आणि तुमची पहिली हाक ही बंद करायची नाही हे त्याला पाठ आहे. कारण तुम्ही पहिल्या हाकेनंतर पोळ्या लाटायला जाता आणि दहा मिनिटांनी पुन्हा येता. कदाचित हेही निघेल: “पप्पा पण ताटावर बसून मोबाइल बघतात.” निघालं तर ऐकून घ्या. बाजू सावरू नका. तो मुद्दा रास्त आहे आणि तोडग्यात त्याची जागा लागेल.

दुसऱ्या पायरीवर तुमची काळजी सांगा, तीही खरी आणि छोटी. “मोबाइलनं डोळे जातात, अभ्यास बुडतो, आमच्या लहानपणी असलं काही नव्हतं” ही कीर्तनं इथं नकोत. “मला वाटतं सगळ्यांनी गरम जेवावं आणि साडेनऊला झोपायला जावं. जेवण लांबलं की झोप लांबते आणि सकाळच्या शाळेला तू उठत नाहीस.” बस.

तिसरी पायरी: “तुझी मॅच मध्येच तुटायला नको आणि जेवणही थंड व्हायला नको, असं काही सुचतं का?” आधी त्याला बोलू द्या. पहिल्यांदा तो म्हणेल, “नऊला जेवूया.” हसू नका, रागावूही नका. “माझी झोपेची काळजी यात सुटत नाही, दुसरं बघ,” एवढंच म्हणा. तोडग्याच्या दोनच कसोट्या आहेत. दोघांच्याही अडचणी सुटल्या पाहिजेत, आणि दोघांनाही तो खरोखर पाळता आला पाहिजे. “मी हाक मारली की लगेच बंद करीन” हे पोरगं खुशीनं कबूल करतं, आई खूश होते, आणि सोमवारी संध्याकाळी पुन्हा तेच. दुसऱ्या कसोटीवर ते बसतच नव्हतं.

बसेल असा एक तोडगा: भाताचा कुकर गॅसवर चढला की चालू असेल ती मॅच शेवटची, नवी सुरू करायची नाही. तिसरी शिट्टी झाली की मोबाइल फ्रिजवर. पहिल्यापासून तिसऱ्या शिट्टीपर्यंत जो वेळ जातो तो गॅस आणि तांदळावर असतो, पण चढवल्यापासून धरला तर साधारण एका मॅचएवढा निघतो. पप्पांचा मोबाइलही त्याच शिट्टीला फ्रिजवर. घड्याळापेक्षा हे बरं, कारण घड्याळ बघायची जबाबदारी शेवटी आईवरच येते आणि “सात वाजले की” हे वाक्य पुन्हा हाक होऊन बसतं. शिट्टी कुणाचीच बाजू घेत नाही. पेठेतल्या पोराला रेफ्रीची शिट्टी झाल्यावर मॅच संपते हे वेगळं शिकवावं लागत नाही.

हे पहिल्याच आठवड्यात कुठंतरी फसेल, तेही धरून चाला. समजा बुधवारी पिठलं-भाकरीचा बेत आहे, कुकरच लागला नाही, आणि तो म्हणाला, “शिट्टी झालीच नाही.” हा लबाडपणा नव्हे, तुमच्या तोडग्यातलं भोक आहे. त्या रात्री वाद घालू नका. जेवून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी शांतपणे बसून भोक बुजवा: भाकरीच्या दिवशी तवा गॅसवर ठेवला की शेवटची मॅच, दुसरी भाकरी फुगली की बंद. ग्रीन यांचं सांगणं असं की पहिला तोडगा क्वचितच शेवटचा असतो. दोन-तीन वेळा बसावं लागतं. तोडगा टिकला नाही म्हणजे एक तर कुणाची तरी अडचण पूर्ण ऐकली गेली नव्हती, नाहीतर ठरलेलं पाळण्याजोगं नव्हतं. कुठलं ते शोधायचं, इतकंच.

या पद्धतीत एका वेळी एकच वाक्य घ्यायचं असतं. म्हणजे बाकीचं तूर्त सोडायचं, आणि इथं ‘प्लॅन सी’ कामाला येतो. तुमच्या बाबतीत आम्ही दुपार सोडून द्यायला सांगू. याचं एक कारण सासूबाई आहेत. सकाळपासून घर आवरून, दोन मुलांना जेवू घालून त्यांना दीड-दोन तास पडायचं असतं, आणि त्या वेळेला मोबाइल हीच त्यांची मदतनीस असते. तुम्ही ऑफिसमधनं फोनवर नियम सांगायला लागलात तर त्या “बरं” म्हणतील आणि मोबाइल देतील. त्यांच्याशीही पहिली पायरीच वापरा: “आई, दुपारी तुम्हाला कुठल्या वेळी सगळ्यात जड जातं?” त्यांनी अडीच ते साडेतीन सांगितलं, तर मुलांची ठरलेली स्क्रीनची वेळ तिथंच टाका. फक्त मोबाइलऐवजी हॉलमधला टीव्ही लावा. टीव्हीचा आवाज आतल्या खोलीत येतो, दोघं एकच बघतात, आणि कार्यक्रम संपतो.

शेवटचे ते दोन शब्द महत्त्वाचे. मार्केटिंगचे प्राध्यापक अॅडम ऑल्टर यांचं ‘इर्रेझिस्टिबल’ हे 2017 सालचं पुस्तक आहे. ते पालकांसाठी लिहिलेलं नाही आणि तुम्ही अख्खं वाचावं असंही नाही, पण त्यातली एक कल्पना धाकटीच्या व्हिडिओंना नेमकी लागू पडते. पूर्वीच्या करमणुकीला थांबे होते. वर्तमानपत्राचं शेवटचं पान यायचं, मालिकेचा भाग संपायचा, पुढच्या भागाला आठवडा लागायचा. त्या थांब्यावर माणूस आपोआप उठायचा. आताच्या अॅपमधनं हे थांबे मुद्दाम काढून टाकलेले आहेत. एक व्हिडिओ संपायच्या आत पुढचा सुरू होतो. सहा वर्षांच्या मुलीनं स्वतःच्या निग्रहावर उठायचं, ही अपेक्षा मोठ्यांकडूनही पुरी होत नाही.

तेव्हा तिच्यासाठी थांबे परत बसवा. साध्या यूट्यूबवर व्हिडिओच्या चौकटीत वरच्या बाजूला `Autoplay` चं बटण असतं, ते बंद करा. `Shorts` तिच्या हातात देऊच नका, त्यांना शेवटच नाही. वीस-पंचवीस मिनिटांचा एक भाग असलेलं कार्टून सगळ्यात बरं. `YouTube Kids` वापरत असाल तर कोपऱ्यातल्या कुलपाच्या चिन्हावर दाबून `Timer` लावता येतो, वेळ संपली की अॅप स्वतःच बंद होतं. पण टायमर भागाच्या मध्येच पडला तर रडारड ठरलेली. भाग बावीस मिनिटांचा असेल तर टायमर पंचवीसचा लावा, वीसचा नको.

सासूबाईंच्या मोबाइलवर `Digital Wellbeing` मधनं यूट्यूबला रोजची मर्यादा घालायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. ती घातली की त्यांचं संध्याकाळचं हरिपाठाचं रेकॉर्डिंगही बंद पडेल, कारण मर्यादा अॅपला लागते, माणसाला नाही, आणि ती रात्री बारालाच पुन्हा शून्यावर येते. `Family Link` या गूगलच्या पालकांसाठीच्या अॅपची कुलपं थोरल्याच्या जुन्या मोबाइलवर घालता येतील, त्यासाठी त्याचं वेगळं खातं लागतं. तरी ती मॅचच्या मध्ये पडू देऊ नका. रात्री साडेनऊनंतर मोबाइल उघडूच नये एवढ्यापुरती ठीक आहेत.

“दोन मिनिटांत बंद कर हं” ही जी सगळ्यांची लाडकी सूचना आहे, तिच्याबद्दल एक गंमतीची गोष्ट. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 साली लहान मुलांच्या घरांचा अभ्यास केला. त्यात अशी दोन मिनिटांची सूचना दिल्यावर मुलं अधिक चिडत होती. रोजच्या क्रमाचा भाग म्हणून किंवा कार्यक्रम आपणहून संपला म्हणून स्क्रीन बंद झाली, तेव्हा मात्र सहज उठत होती. ती मुलं पाच वर्षांपर्यंतची होती, म्हणून तिसरीतल्या मुलाला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. पण धाकटीच्या बाबतीत करून बघायला हरकत नाही.

धाकटीशी तीन पायऱ्यांचं बोलणं लांबवता येणार नाही, तिचं लक्ष टिकणार नाही. तिच्यासाठी दुसरं पुस्तक सुचवतो: अॅडेल फेबर आणि इलेन मॅझलिश यांचं ‘हाऊ टू टॉक सो किड्स विल लिसन अँड लिसन सो किड्स विल टॉक’. 1980 सालचं आहे, म्हणजे त्यात मोबाइल असण्याचा प्रश्नच नाही. पण त्यात व्यंगचित्रांच्या पट्ट्या आहेत, आणि रात्री दहानंतरच्या वाचकासाठी हे वरदान आहे. एक पट्टी बघायला मिनिट लागतं. त्यातली एक युक्ती अशी: जे देता येत नाही ते कल्पनेत द्यायचं. “अजून एक भाग!” म्हणून ती रडायला लागली की “नाही म्हणजे नाही” ऐवजी, “तुला वाटतंय ना, शंभर भाग बघावेत? रंकाळ्याएवढा टीव्ही असता तर कसं झालं असतं?” ती रडता रडता त्या टीव्हीवर काय लागेल ते सांगायला लागते, तेवढ्यात तुम्ही ताटाकडे नेता. रोज चालेल असं नाही. आणि सुरात टिंगल आली तर उलटतं, मूल लगेच ओळखतं.

किती वेळ बघू द्यावं, हे तुम्ही विचारलं नाहीत तरी मनात असणार. त्यासाठी आन्या कामेनेट्झ या पत्रकार बाईंचं ‘द आर्ट ऑफ स्क्रीन टाइम’, 2018. त्यांचं सूत्र असं: मजेत बघा, फार नको, शक्यतो कुणाबरोबर. अपराधी वाटायला न लावणारं हे दुर्मीळ पुस्तक आहे. आकडाच हवा असेल तर भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना 5 ते 10 वर्षांच्या मुलांना दिवसाला दोन तासांहून कमी म्हणते. अमेरिकेतल्या संघटनेनं 2016 सालच्या सूचनांत सहा वर्षांपुढं ठरावीक आकडा दिलाच नाही. झोप, खेळणं, अभ्यास यांवर गदा येत नाही ना ते बघा, असा त्यांचा रोख. आम्हाला दुसरी मोजपट्टी जास्त उपयोगी वाटते. सकाळी उठवताना त्रास होतो का आणि संध्याकाळी पोरगं मैदानात जातं का, हे तुम्हाला नोकरी करूनही कळतं. मिनिटं मोजायला दुपारी घरी असावं लागतं.

काही पुस्तकं आत्ता घेऊ नका. ‘ग्लो किड्स’ स्क्रीनची तुलना थेट हेरॉइनशी करतं. ते वाचून तुम्ही घाबराल आणि सोमवारी पुन्हा ‘ए’ वर जाल. जोनाथन हाइट यांचं 2024 सालचं ‘द अँक्शस जनरेशन’ गाजतंय, पण त्याचा भर वयात येणाऱ्या मुलांवर आणि सोशल मीडियावर आहे, आणि त्यातल्या कारणमीमांसेवर संशोधकांत वाद आहेत. थोरला सहावीत गेला की वाचा. व्हिक्टोरिया डंकली यांचं ‘रीसेट युवर चाइल्ड्स ब्रेन’ एक आठवड्याची तयारी आणि तीन आठवडे स्क्रीनचा कडक उपास सांगतं. ज्या घरात दुपारी मुलं आज्जीजवळ असतात आणि दोन्ही पालक बाहेर, तिथं हा उपास सासूबाईंनी करायचा होतो. त्यांना विचारल्याशिवाय हात घालू नका.

मात्र मूल रात्र-रात्र झोपत नसेल, खाणंपिणं सोडत असेल, स्वतःला किंवा धाकटीला इजा करत असेल, तर पुस्तक मिटा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

वाचायचा क्रम असा ठेवा. ग्रीन यांच्या पुस्तकातला तीन पायऱ्यांचा भाग आधी, बाकी नंतर कधीतरी. रोज दहा पानं झाली तरी पुष्कळ. त्यांच्या `livesinthebalance.org` या साइटवर अडचणी लिहून काढायचा `ALSUP` नावाचा तक्ता फुकट मिळतो. तो छापून तुम्ही आणि मिस्टर वेगवेगळा भरा, मग शेजारी ठेवून बघा. दोघांच्या यादीत एकच अडचण पहिली असेल तर ती रविवारी घ्या. नसेल तर मुलाशी बोलण्याआधी तुम्हा दोघांनाच बसावं लागेल.